जुना नंबर दुसऱ्याच्या हाती गेल्यावर मामांचं गूगल खातं परत मिळवताना

माझे मामा कराडचे. भजनी मंडळात ते पेटी वाजवतात आणि मंडळाच्या बैठकींचं ध्वनिमुद्रण यूट्यूबवर चढवतात. मंडळातल्या ज्या दोन म्हाताऱ्या बुवांचा आवाज आता ऐकायला मिळणार नाही, त्यांच्या गवळणी फक्त त्या चॅनेलवर आहेत. मामींचे फोटो, नातेवाइकांचे फोन नंबर, पेन्शनच्या कागदांचे स्कॅन, सगळं त्याच गूगल खात्यात. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मामा माझ्या मामेबहिणीकडे पुण्याला आले आणि वर्षभर तिथेच राहिले. निघायच्या गडबडीत त्यांचा स्मार्टफोन कराडच्या कपाटातच राहिला होता. त्याचं चार्जिंगही नीट होत नव्हतं, त्यामुळे कुणी तो मागवून घेतला नाही. पुण्यात मामेबहिणीने त्यांना साधा बटणाचा फोन आणि नवं सिम दिलं. वर्षाने तिने त्यांच्यासाठी नवा स्मार्टफोन घेतला, त्यात जुना जीमेल पत्ता टाकला, आणि पडद्यावर आलं की शेवटी ६४ असलेल्या नंबरवर कोड पाठवतो आहोत. तो नंबर कराडच्या कपाटातल्या सिमचा होता.

हे काम मी हातात घेतलं तेव्हा पहिला प्रश्न खात्याचा नव्हता, सिमचा होता. सिम हरवलेलं आहे की बंद पडलेलं, यावर पुढचं सगळं ठरतं. सिम नुसतं हरवलं किंवा तुटलं असेल आणि नंबर अजून आपल्या नावावर चालू असेल, तर दुसरीकडे कुठे डोकं लावायची गरजच नाही. ज्याच्या नावावर सिम आहे त्याने ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं आणि त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं. मात्र नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. परस्पर कुणी आपलं सिम बदलून घेतलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून हा नियम आहे. त्या वेळात पुन्हा पुन्हा कोड मागवून काही होत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं.

मामांचं तसं नव्हतं. प्रीपेड सिमवर ९० दिवस कॉल, एसएमएस, इंटरनेट यातलं काहीच झालं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. शिल्लक २० रुपये किंवा जास्त असेल तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात, आणि बंद झाल्यावर १५ दिवसांत ग्राहकाने धावपळ केली तर नंबर परत सुरू करून घेता येतो. मामांचा फोन बंद अवस्थेत पडून होता, म्हणजे या सगळ्या मुदती केव्हाच उलटून गेल्या होत्या. कंपनीच्या दुकानात मुलीने नंबर टाकून पाहिला आणि सांगितलं, ‘‘हा आता दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर आहे, काका. आम्हाला परत देता येणार नाही.’’ बंद केलेला नंबर काही महिने तसाच ठेवून मग नव्या ग्राहकाला दिला जातो. त्यात बेकायदा काही नाही. आपला नंबर म्हणून आपण जो सांगतो तो कंपनीने वापरायला दिलेला असतो, एवढंच.

मी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस नांदेडकडचा निघाला. मी नाव सांगून विषय काढताच तो म्हणाला, ‘‘अहो, कालपासून कोड येऊ लालेत मला. कुणाचे हायेत म्हणलं.’’ आदल्या दिवशी मामेबहिणीने नव्या फोनवरून जितक्या वेळा कोड मागवला, तितके एसएमएस त्या माणसाच्या फोनवर पडले होते. घरातल्या एकाने लगेच सुचवलं की त्यालाच कोड विचार, एका मिनिटाचं काम आहे. मी ते केलं नाही. अनोळखी माणसाने फोन करून कोड मागितला तर देऊ नका, हेच आपण आपल्या म्हाताऱ्यांना दिवसरात्र सांगतो, आणि त्या माणसानेही तेच पाळायला हवं. मी त्याला एवढंच सांगितलं की ते कोड कुणालाही देऊ नका, मलासुद्धा नाही, आणि आमच्याकडून आता पुन्हा येणार नाहीत.

त्या फोनने एक गोष्ट मात्र लख्ख कळली. खात्याला जोडलेला नंबर दुसऱ्याकडे गेला की अडचण दुहेरी होते. आपल्याला कोड मिळत नाही, आणि दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो. तो माणूस भला होता. पण खात्याला तो नंबर जोडलेला राहील तोवर ते दार अर्धं उघडंच होतं, म्हणून नुसतं आत शिरून भागणार नव्हतं.

मामेबहिणीने नव्या फोनवर केलेले प्रयत्न मी तिच्याकडून नीट ऐकून घेतले. पासवर्ड मामांना आठवत नव्हता. `Try another way` दाबत गेल्यावर गूगलने विचारलं की तुमच्या जुन्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथे ‘होय’ दाबा. तो फोन तर कपाटात बंद. पर्यायी ईमेल कधी दिलेलाच नव्हता. शेवटी हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटवता आली नाही असं उत्तर आलं, आणि आणखी काही वेळा तेच केल्यावर फार प्रयत्न झाले, काही तासांनी या, असं सांगून ते पानच थांबलं.

इथे समजून घेण्यासारखं हे की गूगलकडे आपल्यासाठी खिडकीवर बसलेला माणूस नाही. आधार केंद्रात किंवा बँकेच्या शाखेत आपण स्वतः जातो, अंगठा देतो, सही करतो आणि समोरचा माणूस ठरवतो. इथे ठरवणारी यंत्रणा फक्त खुणा बघते. हे यंत्र आधी या खात्यात वापरलं गेलं आहे का, ब्राउझर ओळखीचा आहे का, नेहमीच्या गावातून विचारणा होते आहे का, पूर्वीचा एखादा पासवर्ड सांगता येतो का. फोन नंबर ही त्यातली एक खूण. ती गेली तरी बाकीच्या शिल्लक असतात. पण पुण्यातल्या कोऱ्या करकरीत फोनवर, दुसऱ्याच शहरात, पासवर्डाशिवाय बसलं तर त्यातली एकही खूण जुळत नाही. मग तिथे दहा वेळा दाबलं काय आणि शंभर वेळा दाबलं काय, उत्तर तेच येतं, आणि वारंवार केलेले प्रयत्न चोरासारखे दिसतात ते वेगळंच. म्हणून मी नव्या फोनवरचं सगळं थांबवायला सांगितलं.

त्याच संध्याकाळी मामेबहिणीला इंटरनेटवर एक ‘ग्राहक सेवा’ नंबर सापडला. पलीकडचा हिंदीतून अगदी अदबीने बोलत होता. काही हजारांत खातं उघडून देतो, आधी एक अ‍ॅप घ्या म्हणजे मला तुमचा पडदा दिसेल, असं त्याचं म्हणणं. तिने मला विचारलं म्हणून वाचलो. खातं किंवा पासवर्ड परत मिळवून देण्याची सेवा पुरवणाऱ्या कुणाशीही आपला संबंध नाही, असं गूगलने स्पष्ट सांगून ठेवलेलं आहे. अशा माणसाला पडदा दाखवला की जीमेल राहतं बाजूला आणि बँकेचं अ‍ॅप त्याच्या डोळ्यांसमोर येतं. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा असतो, हे तिला सांगून ठेवलं.

मग मामांना घेऊन मी कराडला गेलो. खरं काम तिथे होतं.

फोन चार्जरला लावला तर काहीच हालचाल नाही. बसस्थानकाजवळच्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि चार्जिंगचा जॅक गेल्याचं सांगितलं. जॅक बदलून फोन सुरू झाला, पण इतका अडकत होता की तो सहज म्हणाला, ‘‘रिसेट मारून देऊ का? एकदम मोकळा होईल.’’ मी अक्षरशः त्याच्या हातातून फोन घेतला. रिसेट मारला असता तर त्या फोनमध्ये वर्षभर शाबूत राहिलेलं लॉगिन पुसलं गेलं असतं. शिवाय अँड्रॉइडच्या फोनवर रिकव्हरी मेनूतून असा जबरदस्तीचा रिसेट केला की फोन पुन्हा चालू होताना आधीचंच गूगल खातं मागतो. चोरीचा फोन कुणाला वापरता येऊ नये म्हणून ती सोय आहे, आणि आमच्या बाबतीत तिनेच शेवटचा रस्ता बंद केला असता. खातं अडकलं असेल तेव्हा ज्या ज्या यंत्रावर ते कधी उघडलेलं होतं, त्यातलं काहीही पुसायचं नाही, अ‍ॅप काढायचं नाही, लॉगआउट करायचं नाही, हे दुरुस्तीवाल्याला आधीच बजावलेलं बरं.

घरी येऊन फोन सुरू केला. पडद्याचा पॅटर्न मामांच्या बोटांना पाठ होता, तोंडी सांगता येत नव्हता, पण बोट बरोबर फिरलं. घरचं वायफाय बंद केलेलं होतं, म्हणून माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला. तरीही जीमेलमध्ये नवीन काही येईना, कुठलंही पान उघडलं की कनेक्शन सुरक्षित नाही अशी तक्रार. वर कोपऱ्यात पाहिलं तर तारीख भलतीच. बॅटरी पार संपून फोन महिनोन्‌महिने पडला होता, आणि वेळ आपोआप घेण्याची सोय बंद केलेली होती. तारीख चुकीची असली की फोनला वेबसाइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं आणि तो बोलणंच तोडतो. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घ्यायला लावली आणि काही क्षणांत वर्षभराचे मेल धडाधडा उतरू लागले. म्हणजे लॉगिन जिवंत होतं.

लॉगिन जिवंत असलं तरी खातं हातात आलं असं होत नाही. मेल वाचता येतात, फोटो दिसतात, पण पासवर्ड किंवा नंबर बदलायला गेलं की आधीचा पासवर्ड मागतात. तो आठवत नव्हता. तरी एक काम मी तिथल्या तिथे उरकून घेतलं, फोनमध्येच असलेले फोटो आणि संपर्क दुसऱ्या कार्डावर उतरवून ठेवले. पुढे काही बिघडलंच तर तेवढं तरी उरलं असतं.

मग त्याच फोनच्या क्रोममध्ये `g.co/recover` उघडलं. इथे उत्तरं देताना घाई करायची नाही आणि ‘माहीत नाही’ म्हणून प्रश्न सोडायचाही नाही. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला, तेव्हा मामांनी भजनाच्या वहीचं मागचं पान काढलं. तिथे फोन घेतला त्या वर्षी दुकानातल्या पोराने लिहून दिलेला पासवर्ड होता. तो मधे केव्हातरी बदलला गेला असावा, कारण चालत नव्हता. पण या ठिकाणी जुना पासवर्डही उपयोगी पडतो, कारण यंत्रणा विचारते ती आठवणारा शेवटचा. फक्त अक्षरं लहान-मोठी जशी होती तशीच टाकायची. दुकानदाराच्या अक्षरात पहिलं एस मोठं की लहान हे कळेना, म्हणून वहीतली त्याच हातची दुसरी ओळ शेजारी धरून पाहिली. तिथलं लहान एस रेषेच्या खाली होतं, हे वर. मग मोठं धरलं.

त्यानंतर फोनचाच पॅटर्न विचारला, मामांनी बोट फिरवलं. कोडसाठी जुना नंबर पुढे केला गेला, तेव्हा तो न दाबता पुन्हा `Try another way` घेतलं, म्हणजे नांदेडच्या माणसाला उगाच एसएमएस गेला नाही. शेवटी संपर्कासाठी एक चालू ईमेल पत्ता मागितला. मामेबहिणीचा दिला, तिच्याकडे आलेला कोड तिने फोनवर सांगितला, आणि तो टाकल्यावर पडद्यावर आलं की विनंती तपासून पुढची लिंक पाठवू, तोवर थांबा.

हे थांबणं फुकटचं वाटतं, पण त्याचा उपयोग आहे. त्या काळात खात्याच्या खऱ्या मालकाकडेही मेल जातो की कुणीतरी तुमचं खातं परत मिळवायला निघालं आहे, तुम्ही नसाल तर रद्द करा. चोर असेल तर मालकाला सावध व्हायला वेळ मिळतो. आमच्याकडे मालक शेजारीच बसला होता आणि अडचण नेमकी तिथेच येणार होती. रात्री फोन वाजला, मामा चष्मा लावून बघतात तो लाल खुणेची सूचना, तुम्हीच विचारलं होतं का? मामा घाबरून ‘नाही’ दाबणार होते. ‘‘आरं, कोणतरी चोर आहे बघ,’’ म्हणून मला हाक मारली. मी म्हणालो, ‘‘मामा, तो चोर म्हणजे आपणच. होय दाबा.’’ ‘नाही’ दाबलं असतं तर विनंती रद्द होऊन पहिल्यापासून सुरुवात झाली असती. ज्याचं खातं आहे त्याला हे आधी सांगून ठेवायलाच हवं. त्याबरोबरच, आपण काहीही मागितलेलं नसताना अशी सूचना आली तर मात्र बिनधास्त ‘नाही’च दाबायचं, हेही मामांना त्याच बैठकीत समजावलं.

लिंक आली ती जीमेलमध्येही आणि मामेबहिणीच्या पत्त्यावरही. आम्ही ती जुन्या फोनवरच उघडली, घर तेच, यंत्र तेच. नवा पासवर्ड घेतला गेला.

आत गेल्या गेल्या पहिलं काम जुना नंबर काढण्याचं. हे वाटतं तितकं सरळ नाही, कारण खात्यात नंबर एका जागी नसतो. वैयक्तिक माहितीत तो वेगळा असतो, खातं परत मिळवण्यासाठीचा वेगळा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असेल तर तिथे आणखी वेगळा. एका ठिकाणचा पुसला म्हणून दुसरीकडचा जात नाही. मामांच्या खात्यात तो पहिल्या दोन ठिकाणी होता. दोन्हीकडे त्यांचा पुण्यातला नंबर घातला. एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. परत मिळवण्यासाठीचा नंबर बदलल्यावरही गूगल पुढचे ७ दिवस आधीच्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय ठेवू शकतं. चोराने नंबर बदलला तर मालकाला परत येता यावं, हा त्यामागचा विचार. आमच्यासाठी तो आठवडा जोखमीचा होता, म्हणून त्या काळात खात्यात कुठून लॉगिन होतंय ते मी रोज पाहत राहिलो. उघडलेल्या यंत्रांच्या यादीत जुना फोन आणि नवा फोन यांच्याशिवाय तिसरं काही दिसलं नाही.

नव्या फोनवर खातं उघडणं त्यानंतर अगदी सोपं झालं. नवा पासवर्ड टाकला, जुन्या फोनवर सूचना आली, नव्या पडद्यावर दिसणारा आकडा जुन्या फोनवर निवडला, झालं. ही सूचना येत नसेल तरी जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात `Security code` मिळतो. तो इंटरनेट किंवा सिमशिवायही तयार होतो. एसएमएसशिवाय मिळणारा कोड असतो हे फार जणांना माहीत नाही, आणि ज्यांचा जुना फोन हाताशी आहे पण सिम गेलेलं आहे त्यांचं अर्धं काम त्यानेच होतं. मात्र त्यासाठी पासवर्ड आठवत असायला हवा.

मग पुढची तजवीज. पर्यायी ईमेल म्हणून मामेबहिणीचा पत्ता घातला. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून बॅकअप कोड काढले. ते ८ आकडी असतात, एका वेळी १० मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. मामांनी ते फोनमध्ये ठेवू नयेत असा मी आग्रह धरला, कारण फोन गेला तर कोडही जातील. त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून घेतले आणि तो कागद विम्याच्या पॉलिसीच्या फायलीत लावला. वापरलेल्या कोडवर काट मारायची, एवढंच त्यांना सांगितलं.

याच नंबरवर बाकीचंही बरंच काही होतं. व्हॉट्सअ‍ॅपचं पाहिलं तर त्या नंबरवर नांदेडच्या माणसाचा फोटो होता. नंबर ४५ दिवस वापरात नसेल आणि मग दुसऱ्या फोनवर सुरू झाला तर व्हॉट्सअ‍ॅप त्या नंबराशी जोडलेली आधीची माहिती काढून टाकतं, त्यामुळे मामांचे निरोप त्याच्याकडे गेलेले नव्हते. पण भजनी मंडळाच्या गटात मामांचा जुना नंबर अजून सदस्य म्हणून तर नाही ना, हे गटप्रमुखाला बघायला सांगितलं. बँकेत मामा स्वतः पासबुक आणि ओळखपत्र घेऊन गेले, अर्ज भरला आणि पेन्शनच्या खात्याचा नंबर बदलून घेतला. तिथे जुन्या नंबरवरच्या कोडची गरज पडली नाही. आधारचा नंबर बदलायलाही केंद्रात बोटाचा ठसा चालतो. कराडच्या केंद्रात त्या दिवशी रांग फार लांब होती आणि मामांचा गुडघा इतका वेळ उभं राहू देत नव्हता, म्हणून पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. जुना फोन तोवर बंद करायचा नाही, तो चार्जरला लावून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला आहे.